थांबलेल्या बैलगाड्यांचा चार्ट

मी एका साखर कारखान्यात संगणक विभागाचा प्रमुख आहे. विभाग म्हणजे मी, एक ऑपरेटर, दोन प्रिंटर आणि मार्च लागला की हमखास बंद पडणारा एक एसी. कारखाना सोलापूर जिल्ह्यातला, उजनीच्या पाण्यावर वाढलेल्या उसाच्या मधोमध. नाव सांगत नाही. सांगून कुणाचं भलं होणार नाही, आणि जिचं व्हायला हवं होतं तिचं तर आता होण्यासारखं काही उरलेलंच नाही.

एमडी साहेबांच्या केबिनमध्ये भिंतीवर मोठा टीव्ही आहे. पूर्वी त्यावर क्रिकेट चालायचं. मग एका वर्षी साहेब कुठलंतरी प्रदर्शन बघून आले आणि म्हणाले, आपल्यालाही डॅशबोर्ड पाहिजे. आज किती टन गळीत झालं, यार्डात किती वाहनं उभी आहेत, साखरेचा उतारा किती, सगळं खुर्चीत बसून दिसलं पाहिजे. मी महिनाभर बसून प्रोग्रॅम लिहिला. दर दहा मिनिटांनी तो वजनकाट्याच्या आणि टोकन खिडकीच्या नोंदी वाचायचा, हिशेब करायचा आणि पडद्यावरचे चार्ट पुन्हा काढायचा. साहेब खूश झाले, शेतकी विभागात आणि गव्हाणीपाशी, म्हणजे ऊस मिलमध्ये टाकतात तिथे, आणखी दोन पडदे लावून घेतले. खूश झालेला साहेब हा रागावलेल्या साहेबापेक्षा जास्त काम लावतो, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

रोज नवा चार्ट मागायचे. गटवार ऊस किती आला, खोडवा किती, लागण किती. आणि तेव्हा प्रत्येक चार्ट प्रोग्रॅमच्या आत लिहिलेला होता. नवा हवा म्हणजे कोड उघडा, त्यात नवी क्वेरी घाला, ती काढायची कशी ते लिहा, चालता प्रोग्रॅम थांबवा, पुन्हा सुरू करा. एकदा असंच घाईत काहीतरी घालताना मी एक कंस उघडा ठेवला आणि चेअरमन पाहुण्यांना घेऊन आले तेव्हा तिन्ही पडदे काळे. गव्हाणीपासच्या पडद्यावर तर माझ्या चुकीची इंग्रजी ओळ लाल अक्षरांत झळकत होती. त्या दिवशी मी कानाला खडा लावला.

पुढचा बिनहंगामी काळ मी त्यातच घालवला. चार्ट सगळे कोडमधून बाहेर काढले आणि एका साध्या सेटिंग फाइलमध्ये ठेवले. एका चार्टला सात-आठ ओळींचा एक ब्लॉक: शीर्षक काय, नोंदी कुठल्या तक्त्यातून घ्यायच्या, काय मोजायचं, अट काय, खांब काढायचे की रेषा, कुठल्या पडद्यावर, आणि शेवटी ‘कोणी लावला’. ओळींची नावं मी मराठीतच ठेवली. प्रोग्रॅम आता कुठलाही चार्ट ओळखत नव्हता. तो दर दहा मिनिटांनी फाइल वाचायचा आणि जेवढे ब्लॉक असतील तेवढे चार्ट काढायचा. नवा चार्ट हवा, एक ब्लॉक वाढवा. पुढच्या फेरीला पडद्यावर हजर. कोडला हात लावायची गरज नाही, काही थांबवायची गरज नाही.

आणि प्रत्येक ब्लॉकमध्ये तेच तेच लिहायला नको म्हणून फाइलच्या माथ्यावर मी ‘सर्वांसाठी’ असा एक भाग केला. ब्लॉकमध्ये जे सांगितलेलं नसेल ते प्रोग्रॅम इथून उचलायचा. त्यात चार ओळी होत्या. त्यातली एक अशी: ‘दिवस: आज’. आमच्या कारखान्याचा दिवस पहाटे चारला, पहिल्या पाळीबरोबर सुरू होतो. म्हणजे कुठलाही चार्ट काढताना, वेगळं सांगितलं नसेल तर, पहाटे चारनंतरच्याच नोंदी मोजायच्या. गळिताचे टन, आलेली वाहनं, उतारा, सगळ्याला हे बरोबर लागू पडत होतं. मला ती रचना इतकी आवडली होती, की घरी सोलापूरला गेलो तेव्हा बायकोला कागदावर काढून दाखवली. ती म्हणाली, ‘म्हणजे आता तुमची गरज संपली म्हणा.’ मी हसलो होतो.

आता तिच्याबद्दल. बायको नव्हे, टोकन खिडकीवरच्या ताईंबद्दल.

यार्डात वाहन आलं की आधी टोकन खिडकीवर येतं. तिथे वाहनाचा प्रकार, नंबर, गाव लिहून टोकन मिळतं, मग काट्यावर नंबर लागेपर्यंत थांबायचं. त्या खिडकीवर ताई चौदा हंगाम बसत होत्या. हंगामी कारकून. बारावी झालेल्या, अकलूजकडच्या एका खेड्यातल्या, चाळिशी ओलांडलेल्या. नवरा पाठीच्या दुखण्याने घरी, दोन मुली शिकत होत्या. हंगामी म्हणजे गळीत सुरू झालं की ऑर्डर मिळते आणि पट्टा पडला, म्हणजे हंगाम आटोपून मिल बंद झाली, की संपते. मधले सहा महिने आपले आपण. शेतकी विभागात त्या वर्षी कायम कारकुनाची एक जागा रिकामी होणार होती. एकच. ताईंना वयाच्या अटीत बसायची ती शेवटची संधी होती. पुढची जागा निघेस्तोवर त्यांचं वय उलटून जाणार होतं. हे त्या स्वतः कधी बोलल्या नाहीत, पण सगळ्या कारखान्याला ठाऊक होतं.

मीच त्यांना म्हणालो, ‘ताई, ही फाइल शिकून घ्या. अर्जात लिहिता येईल, डॅशबोर्डचं काम येतं म्हणून. कायम असलेल्यांपैकी एकालाही येत नाही.’

खोटं कशाला बोलू, त्यात माझाही स्वार्थ होता. शेतकी विभागाचे चार्ट त्यांचे त्यांनी लावले तर माझा ताप कमी होणार होता.

त्या जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन माझ्याकडे येऊ लागल्या. भाकरी आणि शेंगाचटणी खाता खाता एका हाताने माउस. मी एक पानभर सूचना लिहून छापून दिल्या. त्यांनी त्या टोकन खिडकीच्या आत चिकटवल्या. पंधरा दिवसांत त्यांनी पहिला चार्ट लावला, गटवार ट्रॅक्टर. मग दुसरा, तिसरा. शिकवायला बसलो की माझं डोकं लवकर फिरतं, हे माझी बायकोही सांगेल, पण ताईंनी मला तशी वेळ आणली नाही. एकदा सांगितलेलं पुन्हा विचारायचं नाही. विचारायच्या ते वेगळंच.

‘सर, ह्यो प्रोग्रॅम ब्लॉक चुकला तर वरडतो का?’

‘ओळ तुटली तर ओरडतो. अर्थ चुकला तर नाही.’

‘मग मानसानंच बघाया पायजे की.’

‘व्हय,’ मी त्यांच्याच थाटात म्हणालो, आणि आम्ही हसलो.

हंगामाच्या दुसऱ्या महिन्यात शेतकी अधिकाऱ्यांनी थांबलेल्या बैलगाड्यांचा चार्ट मागितला. ट्रॅक्टरचा आधीच होता, तो मी सुरुवातीला लावलेला. रोज सकाळी नऊला साहेबांच्या केबिनमध्ये बैठक व्हायची. किती ट्रॅक्टर उभे, किती बैलगाड्या उभ्या, ते बघून काट्यावर कुणाला आधी सोडायचं ते ठरायचं. बैलगाड्यांचा आकडा ताईंच्या रजिस्टरवरून फोनने यायचा. ते रजिस्टर मी पाहिलं आहे. रोज पहाटे नवं पान आणि पहिल्या ओळीत ‘मागील शिल्लक’: काल टोकन घेतलेल्या आणि अजून काटा न झालेल्या गाड्या. त्याखाली आजच्या.

ताईंनी विचारलं, ‘कुटला ब्लॉक कॉपी करू? ट्रॅक्टरचा का?’

मी काहीतरी दुसरं करत होतो. मान वर न करता म्हणालो, ‘बैलगाडीचा ब्लॉक आहे की आधीचा, आज आलेल्यांचा. प्रकाराची अट त्यात तयार आहे. त्याचीच कॉपी मारा आणि काटा न झालेल्या अशी एक अट वाढवा.’

माझ्या ट्रॅक्टरच्या ब्लॉकमध्ये एक जादा ओळ होती: ‘दिवस: सगळे’. ती मी पहिल्याच आठवड्यात घातली होती, कारण काल थांबलेले ट्रॅक्टर पहाटे चार वाजले की चार्टमधून गायब होत होते. गायब होणारच. माथ्यावर ‘दिवस: आज’ आहे, आणि त्यांचं टोकन कालचं. मला ते तेव्हा दहा मिनिटांत कळलं, मी ओळ घातली आणि विसरून गेलो. सूचनांच्या पानावर लिहिलं नाही. ताईंनी ट्रॅक्टरचा ब्लॉक कॉपी केला असता तर ती ओळ आपोआप आली असती.

त्यांनी मी सांगितला तो केला. चार्ट लावला दुपारी तीनला. पडद्यावर तेवीस आलं. त्या उन्हात यार्डात गेल्या, एकेक गाडी मोजली, तेवीस. परत येऊन मला सांगितलं, चेहरा फुललेला. तेव्हा ऊस कमी येत होता, बैलगाड्या त्याच दिवशी रिकाम्या होत होत्या, आणि येतात त्या दुपारनंतरच. चार्ट बरोबरच होता. शेतकी अधिकारी म्हणाले, आता रजिस्टर बंद करा, दोन-दोनदा कशाला लिहायचं. ताईंनी बंद केलं.

फेब्रुवारीत मिलचा एक रोलर बिघडला. दीड दिवस गळीत बंद, आणि तोडणी मात्र चालू. यार्ड भरलं. मिल सुरू झाली तरी भरलेलंच राहिलं. बैलगाडीवाले दूरच्या जिल्ह्यांतून आलेले, नवरा-बायको मिळून ऊस तोडतात, मोळ्या भरतात, दुपारी गाडी यार्डात आणून लावतात. पूर्वी संध्याकाळपर्यंत रिकामी व्हायची. आता दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी. बैल जुवाखालून सोडून चाकाला बांधलेले, पुढ्यात उसाचं वाढं, हौदातलं पाणी दुपारपर्यंत तळाला. आणि तोडलेल्या उसाचं वजन रोज उतरतं, ते वेगळंच.

सकाळी नऊच्या बैठकीत पडद्यावर काय दिसायचं? ट्रॅक्टर साठ, पासष्ट. बैलगाड्या चार. एखाद्या दिवशी दोन. कारण पहाटे चारनंतर नऊपर्यंत येणाऱ्या बैलगाड्या तेवढ्याच. कालपासून, परवापासून उभ्या असलेल्या शंभरेक गाड्या चार्टच्या लेखी यार्डात नव्हत्याच. जी गाडी जास्त थांबली ती आधी पुसली गेली. चार गाड्यांसाठी काटा कशाला अडवायचा, म्हणून अधिकारी सांगायचे, दुपारपर्यंत ट्रॅक्टरच सोडा.

ताई दिवसभर खिडकीतून यार्ड बघत होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी शेतकी अधिकाऱ्यांना सांगितलं, ‘साहेब, गाड्या लई दिसत्यात. चार न्हाईत.’ अधिकाऱ्यांनी बोट पडद्याकडे केलं. ‘तुम्हीच लावलाय ना चार्ट? मग तुमचाच तुम्हाला खोटा वाटतोय का?’

मग त्या माझ्याकडे आल्या.

मी त्यांचा ब्लॉक उघडला. तक्ता बरोबर, मोजणी बरोबर, प्रकार बैलगाडी, काटा झालेला नाही. सगळं बरोबर होतं. मी म्हणालो, ‘यात काही चूक नाही ताई. काट्यावर कुणीतरी आधीच नोंद मारत असेल. तिकडे बघा.’ मी फाइलच्या माथ्याकडे गेलोच नाही. त्या सात ओळींत चूक शोधली, आणि त्या सात ओळींत चूक नव्हती. ‘बघते,’ म्हणून त्या गेल्या. मी चहा मागवला. हे मला अजून आठवतं, आणि अजून स्वतःची लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी दुपारी बैलगाडीवाल्यांनी गाड्या हलवल्या आणि थेट गव्हाणीच्या वाटेवर आडव्या लावल्या. ना आरडाओरडा, ना दगड. नुसत्या लावल्या आणि सावलीला जाऊन बसले. ट्रॅक्टर आत जाईनात. अर्ध्या तासात मिल थांबली. कारण लिहिलं गेलं: ऊस नाही. यार्डात पाय ठेवायला जागा नव्हती इतका ऊस होता. एमडी साहेब स्वतः खाली उतरले. एक मुकादम त्यांना हाताला धरून गाड्यांमधून फिरवत होता. ‘हिचा तिसरा दिस, साहेब. ह्या बैलानं सकाळपासनं मान टाकलीया.’ बैल खरंच आडवा पडला होता. एक बाई पदराने त्याच्या तोंडावरच्या माश्या हाकत होती.

मी खाली गेलो नाही. खुर्चीत बसून फाइल पहिल्या ओळीपासून वाचू लागलो. तिसरी ओळ होती ‘दिवस: आज’. ताईंच्या ब्लॉकमध्ये जाऊन ‘दिवस: सगळे’ लिहिलं, फाइल साठवली आणि थांबलो. कोडला हात लावायची गरज नव्हती. पुढच्या फेरीला बैलगाड्यांचा खांब थेट एकशे अठरावर गेला. तो वर चढला तेव्हा खोलीत मी एकटाच होतो.

संध्याकाळी पाचला बैठक झाली. केबिनमध्ये एमडी साहेब, शेतकी अधिकारी, काट्यावरचे दोघे, मी. ताईंना बोलावलं होतं, त्या दाराशी उभ्या राहिल्या. कुणी बसा म्हणालं नाही. मीही नाही.

साहेबांनी पडद्याकडे बघत विचारलं, ‘हा चार्ट कुणाचा?’

प्रत्येक चार्टच्या खाली बारीक अक्षरांत ‘कोणी लावला’ ते दिसायचं. ती माझीच हौस. कुणी काय केलं ते कळावं म्हणून. शेतकी अधिकारी उठून टीव्हीजवळ गेले, चष्मा वर केला आणि ताईंचं नाव मोठ्याने वाचलं. वाचायला दुसरं नाव तिथे नव्हतंच. माथ्यावरच्या चार ओळींना ‘कोणी लावला’ नसतं. प्रोग्रॅमलाही नसतं.

साहेब माझ्याकडे वळले. ‘काय झालं होतं?’

मी म्हणालो, ‘बैलगाड्यांचा चार्ट ताईंनी लावला होता. त्यात दिवसाची ओळ राहिली होती. मी दुरुस्त केला.’

यातला शब्दन् शब्द खरा आहे. बोलायला जीभ अडखळलीसुद्धा नाही. मी वाट बघत होतो, की साहेब पुढे विचारतील, ती ओळ का राहिली, कुणी सांगायला हवी होती, आणि मग मी सांगेन. त्यांनी विचारलं नाही. ‘हंगामी माणसांच्या हातात कशाला देता असली कामं?’ एवढं म्हणाले आणि फोन घेतला. मी ताईंकडे पाहिलं नाही. पुढच्या आठवड्यात त्यांच्या सेवापुस्तकात एक कागद लागला: संगणक प्रणालीत चुकीची माहिती भरल्याने गळितात खंड पडला.

तो कागद लागल्यावर त्या आल्या. दुपारीच, डबा न घेता.

‘सर, माजं कुटं चुकलं तेवडं दावा.’

मी दाखवलं. त्यांचा ब्लॉक, मग ट्रॅक्टरचा ब्लॉक, मग फाइलचा माथा. त्या वाकून वाचत होत्या. मग माथ्यावरच्या ओळीवर बोट ठेवलं.

‘ही वरली ओळ कुणी लिवली?’

‘मी.’

‘आन् ट्रॅक्टरमदली?’

‘मीच.’

‘म्हंजी तुमाला ठावं हुतं.’

मी म्हणालो, विसरलो होतो. ते खरं होतं, पण तेवढ्यानं भागत नव्हतं, हे मलाही कळत होतं.

त्या चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. मी तापट माणूस, भांडण मला जमतं. त्या म्हणाल्या, ‘म्हैन्याच्या शेवटाला त्या कायम जागंसाठी समिती बसणार हाय. मला एक कागद द्या. ब्लॉक मी लिवला त्यो बरोबर हुता, ओळ तुमची हुती, एवडंच. बाकी काय नको.’

‘देतो ताई. उद्याच देतो.’

उद्या दिला नाही. परवाही नाही. रोज कोरा कागद उघडायचो. ‘सदर त्रुटी माझ्याकडून झाली’ इथवर यायचो आणि पुसायचो. मला काय होणार होतं? एक मेमो. फार तर वार्षिक वाढ लांबली असती. मला कुणी काढणार नव्हतं. तो प्रोग्रॅम अजून दुसऱ्या कुणाला कळत नाही. हे सगळं मी तेव्हाही जाणून होतो. भीती नोकरीची नव्हतीच. चेअरमनच्या पाहुण्यांसमोर पडदे काळे झाले होते तेव्हा सगळे माझ्याकडे जसे बघत होते, तसं पुन्हा कुणी बघू नये, एवढीच होती. एवढ्याशा गोष्टीपायी माणूस काय काय करतो.

समितीच्या आदल्या दिवशी मी कागद दिला. आपलं ऑफिसमराठी त्याला फार कामी आलं. ‘सदर चार्टमध्ये तांत्रिक कारणास्तव काही नोंदी समाविष्ट झाल्या नव्हत्या. सदर बाब हेतुपुरस्सर नसून प्रणालीच्या स्वरूपामुळे घडल्याचे दिसून येते.’ खाली माझी सही आणि शिक्का.

टोकन खिडकीशी उभ्या राहून त्यांनी तो दोनदा वाचला. मागे एक ट्रॅक्टर हॉर्न देत होता.

‘सर, ह्यात कुणी केलं ते न्हाई.’

‘तांत्रिक कारण म्हणजे तेच ताई. समितीला कळेल.’

‘त्या सेवापुस्तकातल्या कागदात माजं नाव हाय,’ त्या म्हणाल्या. ‘ह्यात कुणाचंच न्हाई. मग त्यांनी कुटलं धरावं?’

कागद त्यांनी घडी घालून खिडकीतून परत माझ्या हातात दिला आणि ट्रॅक्टरवाल्याला विचारलं, ‘गाव कुटलं?’

अजूनही एक रात्र होती, एक सकाळ होती. एक ओळ वाढवायची होती, आणि ती कशी वाढवायची हे साऱ्या कारखान्यात मला सगळ्यात चांगलं ठाऊक होतं. मी वाढवली नाही. समितीने मला बोलावलंसुद्धा. एका सदस्याने विचारलं, ‘ही चूक नेमकी कुणाची होती?’ मी म्हणालो, ‘सिस्टिमची.’ त्यांनी मान डोलावली. जागा शेतकी विभागातल्याच दुसऱ्या एका हंगामी कारकुनाला मिळाली. माणूस बरा आहे. त्याचा यात काही दोष नाही. सेटिंग फाइल त्याने अजून उघडलेली नाही.

मी सूचनांच्या पानात नंतर दोन परिच्छेद घातले. प्रोग्रॅमही सुधारला: आता ब्लॉकमध्ये दिवसाची ओळ नसेल तर तो चार्ट काढतच नाही, आधी ओळ मागतो. कोडमध्ये चार ओळींचं काम. पहिल्या आठवड्यात करता आलं असतं. हे मी कुणाला कौतुकाने सांगत नाही.

दिवाळीनंतर गळीत पुन्हा सुरू झालं. हंगामी ऑर्डरी माझ्याच विभागात छापतात. तीनशेवर असतात, नावं बदलतात, मजकूर तोच. ताई ऑर्डर घ्यायला आल्या तेव्हा ऑपरेटर जेवायला गेला होता, म्हणून मलाच द्यावी लागली. वर्षभरात केस बरेच पिकले होते. मोठीचं शिक्षण थांबवलंय, असं काट्यावरच्या माणसाकडून कानावर आलं होतं. मी विचारलं नाही. त्यांनी उभ्याने पोच लिहून दिली, सही केली. पूर्वी मला सर म्हणायच्या.

‘साहेब, ह्यात तारीख कुटवर हाय?’

दर वर्षीची ऑर्डर, तोच मजकूर. त्यांना पाठ होता.

‘पट्टा पडेपर्यंत,’ मी म्हणालो.

‘व्हय,’ म्हणाल्या आणि गेल्या.

माझी ऑर्डर सोलापूरच्या घरी कपाटात आहे. त्या रविवारी काढून बघितली. तिच्यावर रुजू व्हायची तारीख आहे, संपायची नाही.